आमची वाटचाल : तारलीची जाळी, बांगड्याची जाळी

मालवणातलं आमचं जाळ्यांचं दुकान वडिलांनी सुरू केलं. त्यांच्या काळी माल ठरलेला असे: बांगड्याला 50 मिलिमीटर आसाचं जाळं, सुरमईला मोठ्या आसाचं. आस म्हणजे जाळ्याचं एकेक भोक. तारलीला पस्तीसच्या आसपास आस लागते, पण ती आम्ही नावापुरती ठेवायचो. तारलीचं खरं घर केरळ आणि दक्षिण कर्नाटक. पाणी तापत गेलं तशी ती वर सरकली आणि आमच्या गिऱ्हाइकांना भरभरून मिळू लागली.

मी कर्ज काढून पस्तीसच्या आसाची गाठोडी भरली. केरळात 2012 साली तारली जवळपास चार लाख टन निघाली होती. वाटलं, आता ती कायमची आली. मासा उत्तरेला सरकला म्हणजे तिथेच राहणार, असं नसतं, हे मला कळायला हवं होतं. तारलीचं आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचं. एका पावसात पिल्लांना खाद्य कमी पडलं की पुढल्या हंगामात थवेच नसतात. 2021 साली केरळातच साडेतीन हजार टनांपेक्षा कमी तारली निघाली. माझी गाठोडी माळ्यावर पडून राहिली. त्या जाळ्यात बांगडा अडकत नाही. त्याचं डोकंच आसात शिरत नाही. बांगड्याच्या जाळ्यातून तारली आरपार निघून जाते. थव्याभोवती मोठं जाळं वेढून ओढणारा पर्ससीनवाला दोन्ही मासे एकाच वेढ्यात घेतो. मासा बदलला की नव्या जाळ्याचा खर्च पडतो तो छोट्या होडीवाल्यावर.

त्याच वर्षी शेजारच्या बंदरातल्या एका व्यापाऱ्याने माझ्या गिऱ्हाइकांना वर्षभराच्या उधारीवर जाळी दिली. वीस वर्षांपासूनचे लोक फिरले. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

देवबागचे आबा तेवढे आले. म्हणाले, "बांगडो खाली गेलो. माझा जाळा वर रवला." वरचं पाणी तापलं की बांगडा खोल उतरतो, म्हणूनच तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरना तो पूर्वीपेक्षा जास्त मिळतो. आम्ही दोघांनी अंगणात त्यांचं जाळं पसरलं. माथ्याच्या दोरीवरचे बोये कमी केले, पायाच्या दोरीला शिसं वाढवलं, आणि वर तरंगणाऱ्या मोठ्या बोयांच्या दोऱ्या दोन वाव लांब केल्या. विणायची सुई वडिलांचीच, शिंगाची. तिसऱ्या दिवशी आबा बांगड्याची टोपली घेऊन दारात उभे.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो: शेवटचा मासा किती वाव पाण्यात लागला, आणि जाळ्याच्या माथ्याला लागला की पायाला? पायाला लागत असेल तर नवं जाळं घेऊ नका, आहे तेच खाली उतरवा. नव्याने धंद्यात येणाऱ्यांनी एकाच आसात पैसा अडकवू नये. तयार जाळी कमी ठेवावीत, दोर, बोये आणि शिसं जास्त ठेवावं. ते कुठल्याही माशाला चालतं.

माळ्यावर अजून अकरा गाठोडी आहेत. गेल्या हंगामात आबांनी त्यातलं एक नेलं, रोख देऊन.