कंत्राटी कामगाराच्या मूल्यमापनाचा फॉर्म : माझा अनुभव

रत्नागिरीजवळच्या ज्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळतो, तेथे मूल्यमापनाचा फॉर्म शंभर गुणांचा आहे. कामाचा दर्जा ४०, हजेरी १५, प्रशिक्षण १५, पुढाकार १५ आणि पुढील जबाबदारीची क्षमता १५. कायम कर्मचाऱ्यांचे फॉर्म मी कित्येक वर्षे डोळे मिटून भरत आलो. गेल्या हंगामात प्रथमच ठरवले की सीम तपासणीवर असलेल्या आमच्या कंत्राटी ताईंचाही फॉर्म भरायचा. त्या ठेकेदारामार्फत येतात, सलग सहावा हंगाम होता, आणि त्यांच्या कामाबद्दल एक ओळ कोठेही लिहिलेली नव्हती. हा एक कागद पुरा होण्यास कित्येक आठवडे लागले. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ताईंचे काम काय, हे आधी सांगतो. रसाने भरलेल्या डब्यावर झाकण बसवताना डब्याची कड आणि झाकणाची कड एकमेकांत दुमडून दाबली जाते. ही दुहेरी घडी म्हणजे सीम. ती सैल राहिली किंवा कापली गेली तर डबा आठवड्याने गळतो किंवा फुगतो, आणि तोपर्यंत तो गोदामात हजारो डब्यांच्या थप्पीत गेलेला असतो. म्हणून दर अर्ध्या तासाला यंत्रावरून डबे उचलून घडी डोळ्यांनी आणि बोटाने तपासायची, आणि ठरावीक वेळाने एक डबा कापून मायक्रोमीटरने मापे घ्यायची. बोटाला आतल्या कडेवर धार लागली, की घडी दाबणारा रोळ बिघडल्याची ती पहिली खूण असते. ती धार ताईंच्या बोटाला जितकी लवकर कळते तितकी माझ्या बोटाला कळत नाही.

पहिल्यांदा फॉर्म भरला तो नियमाप्रमाणे, म्हणजे जसा कायम माणसाचा भरतो तसा. कामाचा दर्जा ३४. हजेरी ९, कारण पन्नास दिवसांच्या हंगामात सहा गैरहजेऱ्या होत्या. प्रशिक्षण शून्य. पुढाकार ६. पुढील जबाबदारी ५, तेही माझ्या भिडेपोटी. बेरीज ५४. आमच्याकडे ६० च्या खाली ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा पडतो. त्याच टेबलावर दुसऱ्या पाळीत काम करणाऱ्या आमच्या कायम सहकाऱ्याची बेरीज ७३ झाली होती, आणि त्याच्या कामाच्या दर्जाला मी स्वतःच २७ दिले होते. चाळिसातले सात गुण कमी असलेला माणूस एकूण बेरजेत एकोणीस गुणांनी पुढे गेला कसा, हे शोधण्यात माझा एक रविवार गेला.

हजेरीचे रजिस्टर उघडल्यावर पहिला उलगडा झाला. सहकारी त्याच पन्नास दिवसांत सात दिवस कामावर नव्हता, पण ते सातही दिवस मंजूर रजेचे होते. त्यामुळे त्याला हजेरीचे पूर्ण १५ गुण मिळाले. ताईंना भरपगारी रजा नाहीच. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये तिच्यासाठी वर्षात २४० दिवस काम लागे, नव्या कामगार संहितेत १८० दिवस लागतात. पन्नास दिवसांच्या हंगामाला दोन्ही आकडे सारखेच दूर आहेत. म्हणून ताई घरी राहिल्या की रजिस्टरात ‘गैरहजर’ हा एकच शब्द पडतो आणि त्या दिवसाची मजुरीही जाते. एकाच दिवसाची शिक्षा दोनदा. मुकादमाकडे चौकशी केली तेव्हा कळले की सहापैकी दोन दिवस ठेकेदाराची गाडीच गावात गेली नव्हती, तीन दिवस ताईंनी आदल्या दिवशी सांगून घेतले होते आणि फक्त एक दिवस त्या न सांगता आल्या नव्हत्या.

पुढाकाराचे कोडे याहून वाईट होते. मे महिन्यात एका रात्री दोनच्या सुमारास धार लागली म्हणून ताईंनी ऑपरेटरला हाक मारली, यंत्र चाळीस मिनिटे थांबले, रोळ पुन्हा बसवला गेला आणि अर्ध्या तासातले डबे बाजूला काढले गेले. लॉगबुकात सही करण्याचा अधिकार कंत्राटी कामगाराला नाही. त्यामुळे दोष पकडल्याची नोंद ऑपरेटरच्या नावावर गेली आणि उत्पादनाच्या अहवालात ती चाळीस मिनिटे ‘तपासणीमुळे खोळंबा’ या सदरात दिसली. मी फक्त छापील अहवाल पाहून पुढाकाराला ६ दिले होते. ताईंची स्वतःची एक वही असते, पेन्सिलीने लिहिलेली, रसाच्या डागांनी पाने चिकटलेली. तिच्यात वेळ होती, डब्यावरचा कोड होता आणि पुढे ‘हाक मारली’ एवढेच दोन शब्द. त्या हंगामात असे चार प्रसंग त्या वहीत निघाले. यातून एक गोष्ट मी कायमची शिकलो : ज्याला सहीचा अधिकार नाही त्याचे काम दुसऱ्याच्या सहीखाली सापडते, म्हणून गुण देण्यापूर्वी कच्च्या वह्या मागवाव्यात.

उरलेले तीस गुण, म्हणजे प्रशिक्षण आणि पुढील जबाबदारी, यांना तर ताईंचा स्पर्शही नव्हता. कंत्राटी माणसांना प्रशिक्षणाला बसवत नाहीत आणि त्यांना पुढची जागाच नाही. ते गुण कामगाराचे नसून कंपनीचे आहेत, आणि कंपनीला त्यात शून्य पडले आहे, असे मी मनाशी ठरवले. ती दोन सदरे काढून उरलेल्या सत्तरात हिशेब केला. दर्जा ३४, पुढाकार १२, न सांगता राहिलेल्या एका दिवसाचे दोन गुण वजा करून हजेरी १३. एकूण ५९, म्हणजे सुमारे ८४ टक्के. सहकाऱ्याचे त्याच सत्तरात ५२, सुमारे ७४ टक्के. तुलना करायचीच असेल तर ती या पायावर व्हावी.

येथे एक कबुली देतो. ३४ च्या जागी ३८ लिहावेत असा मोह मला झाला होता, कारण बाईंना काहीच मिळत नाही तर निदान गुण तरी द्यावेत. मी ते केले नाही. ताई मापे त्या त्या वेळी न लिहिता पाळीच्या शेवटी तीन-चार एकदम उतरवतात, आणि कोणत्या वेळी बिघाड सुरू झाला हे मग सांगता येत नाही. सहा गुण त्याचेच गेले आहेत. दयेने दिलेले गुण वरच्या टेबलावर पहिल्या वाचनातच ओळखू येतात, आणि मग खरे गुणही कोणी मानत नाही.

आता मुख्य अडथळा. फॉर्म संगणकावर भरायचा असतो आणि पहिलाच रकाना कर्मचारी क्रमांकाचा. कंत्राटी माणसाला तो नसतो, आणि त्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. मी मुंबईच्या मुख्य कार्यालयात मनुष्यबळ विभागाला लिहिले. आठ दिवसांनी उत्तर आले की संबंधित व्यक्ती आपली कर्मचारी नाही. मी पुन्हा लिहिले की माझ्या टेबलावर ती सहा हंगाम काम करते आहे. यावर दहा दिवस शांतता. मग फोन आला. पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, “सर, तुम्ही हे लेखी कशाला मागताय? उद्या हाच कागद घेऊन ती माणसं कायम करा म्हणून कोर्टात जातील.” मी म्हटले, “मॅडम, कागद नसला तर रोज त्यांना काम कोण सांगतं ते बदलेल का?” त्या म्हणाल्या की वरिष्ठांशी बोलून कळवते. कळवले नाही.

त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती, हे मला नंतर आमच्या सल्लागार वकिलांकडून कळले. ठेका खरा की नुसता कागदी, हे ठरवताना न्यायालय माणूस कोण निवडतो, पगार कोण देतो, कामावर रोजचे नियंत्रण आणि शिस्तभंगाची कारवाई कोणाची, असे सगळे मिळून पाहते. आपण थेट गुण देणे हा त्या नियंत्रणाचा एक धागा ठरू शकतो. परंतु मूल्यमापन टाळल्याने बाकीचे धागे तुटत नाहीत. ज्या ठेक्याला एका पानाची भीती वाटते, तो ठेकाच आधी तपासावा, असे माझे मत आहे, आणि ते मी फोनवर जरा चढ्या आवाजात सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही.

या सगळ्यात दिवस जात होते. आमच्याकडे मृग लागला की आंबा संपतो, पहिल्या मोठ्या सरींनंतर कंत्राटी माणसे आपापल्या गावी लावणीला जातात, आणि मग ती एप्रिलपर्यंत दिसत नाहीत. ज्याचे मूल्यमापन करायचे तो माणूस समोर असताना कागद वाचून दाखवायला हवा, म्हणून हंगामी माणसाचा कागद मेअखेर तयार ठेवावा. मला हे उशिरा सुचले. पाच जूनला मी फॉर्मचा नाद सोडला आणि साध्या पानावर ‘तपासणी कामाच्या दर्जाचा अहवाल’ असे शीर्षक देऊन तोच मजकूर लिहिला. खाली ठेकेदाराच्या पर्यवेक्षकाची सही घेतली, मूळ प्रत ठेकेदाराच्या फाइलला गेली. या रूपात मुख्य कार्यालयाची हरकत नव्हती. नाव बदलले एवढेच.

ताईंना बसवून सगळे वाचून दाखवले, न लिहिलेल्या मापांसकट. कायम होण्याबद्दल मी काहीही सांगू शकत नाही, हेही सुरुवातीलाच सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, “म्हणजे साहेब, पुढच्या वर्षी मी हेल्परच ना?”

तेव्हा मी वर्क ऑर्डर काढून पाहिली. ठेकेदाराच्या यादीत सीम तपासणीची सर्व माणसे ‘हेल्पर, अकुशल’ म्हणून लावली होती. किमान वेतनाचे दर अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे वेगवेगळे असतात, आणि मायक्रोमीटरने मापे घेणारे काम अकुशल कसे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. कंत्राटी माणसाला वार्षिक वेतनवाढ नसते. त्याची मजुरी वरच्या दरावर जाते ती वर्क ऑर्डरमधल्या या एका शब्दामुळे, आणि ती ऑर्डर आमच्याकडे फेब्रुवारीत ठरते. जानेवारीत मी ताईंचा अहवाल आणि कामाचे वर्णन खरेदी विभागाकडे पाठवले, कारण ठेक्याचे दर तेथे ठरतात. दोन बैठका झाल्या. तपासणीच्या चारही जागा अर्धकुशल लागल्या. मी कुशल मागितले होते.

एप्रिलमध्ये ताई आल्या. मापे आता वेळच्या वेळी लिहितात, निदान दिवसपाळीत. लॉगबुकात ‘दोष कोणी पाहिला’ असा एक रकाना मी हाताने आखून घेतला आहे, त्यात त्यांचे नाव येते. हंगामापूर्वी कंत्राटी तपासनिसांना अर्ध्या दिवसाचे सीमचे प्रशिक्षण द्यावे, हा माझा अर्ज मार्चपासून मुख्य कार्यालयात आहे.