तक्रार पेटीत गुटख्याच्या पुड्या सापडायच्या, तिथून पुढे – माझा अनुभव

चाकणजवळच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी एचआर बघते. परमनंट, ट्रेनी आणि कॉन्ट्रॅक्टवाले धरून साधारण साडेतीनशे माणसं. मी जॉइन झाले तेव्हा तक्रार पेटी होती, पण ती टाइम ऑफिसच्या बाहेर, बरोबर सीसीटीव्हीच्या खाली आणि किल्ली अ‍ॅडमिन मॅनेजरकडे. त्यात गुटख्याच्या पुड्या आणि एकदा कोणाची तरी एसटीची तिकिटं निघाली, तक्रार एकही नाही. आणि ऑडिटला आम्ही अभिमानाने दाखवायचो की आमच्याकडे शून्य तक्रारी!

तक्रार निवारण कमिटी कागदावर होतीच. वीस किंवा जास्त कामगार असले की ती लागतेच, आधी औद्योगिक विवाद कायद्यात होती, आता औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये आहे, निम्मे मेंबर मॅनेजमेंटचे, निम्मे कामगारांचे, जास्तीत जास्त दहा, अध्यक्षपद एक वर्ष यांच्याकडे तर एक वर्ष त्यांच्याकडे. आमचे कामगार मेंबर मात्र प्लांट हेडनीच निवडलेले, म्हणजे कोण ते तुम्हाला कळलंच असेल. त्यामुळे पहिलं काम हे केलं की तिन्ही शिफ्टला चिठ्ठी टाकून मतदान घेतलं आणि मोजणी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर. संहितेत एक चांगली गोष्ट आहे जी बऱ्याच एचआरवाल्यांनाही माहीत नसते, की कामगारांच्या निम्म्याहून जास्त मेंबरांची संमती नसेल तर कमिटीचा निर्णय झाला असं धरलंच जात नाही. हे मी मराठी आणि हिंदीत नोटीस बोर्डावर लावलं, कारण लोकांचा सगळ्यात मोठा संशय हाच होता की शेवटी वरचे म्हणतील तेच होणार.

मग तक्रार यायची कशी हा प्रश्न. ईमेल नको, कंपनीच्या डोमेनवरचा मेल आयटीवाला उघडू शकतो हे पोरांना बरोबर माहीत असतं. व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्यावा तर नंबर आणि डीपी दोन्ही दिसतात. शेवटी चिठ्ठीच, पण दोन भागांची, बँकेच्या स्लिपसारखी. दोन्ही भागांवर एकच नंबर, अर्धी लिहून पेटीत टाकायची, अर्धी फाडून खिशात. पॅड कॅन्टीनमध्ये, बसमध्ये, रेस्टरूमच्या पॅसेजमध्ये ठेवले, आणि मुद्दाम नंबर सगळीकडे मिसळून टाकले म्हणजे कुठला नंबर कुठून उचलला हे आम्हालाही कळू नये. पेटी लॉकर रूमच्या पॅसेजमध्ये, जिथे कॅमेरा नाही, दोन कुलपं, एक किल्ली माझ्याकडे आणि एक कामगार मेंबरकडे, दर सोमवारी दोघांनी मिळून उघडायची. आम्हाला काही विचारायचं असलं तर बोर्डावर फक्त एवढंच लावायचं, "चिठ्ठी क्र. २१४, तारखा हव्यात, त्याच नंबरने परत लिहा." नाव न कळता बोलणं चालू राहतं हा याचा खरा फायदा. मूळ चिठ्ठी सीलबंद पाकिटात जाते आणि पुढे फक्त टाइप केलेला मजकूर, कारण लाइनवरच्या सुपरवायझरला रोज लॉगबुक बघून प्रत्येकाचं अक्षर पाठ असतं.

पहिले काही महिने सगळ्या चिठ्ठ्या कॅन्टीनच्या आणि बसच्या. पोळ्या कच्च्या, थर्ड शिफ्टची बस उशिरा. एमडी म्हणाले यासाठी एवढं केलं का? पण लोक टेस्ट करत असतात हो, आधी पोळीवर लिहून बघतात काही होतंय का. आम्ही बसवाला बदलला आणि त्यानंतर एक चिठ्ठी आली, "रविवारचा ओटी फक्त भिशीवाल्यांना."

प्रकरण असं की मशीन शॉपचा एक सुपरवायझर स्वतः भिशी चालवायचा आणि त्याच्या भिशीत असलेल्यांनाच रविवारी बोलवायचा. ओटी म्हणजे ओव्हरटाइमला डबल रेट, घराचे हप्ते त्यावर चाललेले असतात, म्हणजे हा काही छोटा विषय नव्हता. आता थेट त्याच लाइनची चौकशी केली असती तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं असतं की चिठ्ठी तिथूनच आलीय आणि तिथे पंधरा-सोळाच माणसं, त्यातली भिशीत नसलेली किती ते कोणीही बोटावर मोजेल. म्हणून आम्ही प्लांटमधल्या सगळ्या लाइनचा सहा महिन्यांचा ओटी मस्टरमधून काढला, बायोमेट्रिकशी जुळवला आणि वेज ऑडिट म्हणून चालवलं. बाकी ठिकाणी रविवार बऱ्यापैकी वाटलेले दिसत होते, या लाइनवर त्याच पाच-सहा नावांचा घोळका. मग प्रत्येक लाइनवरून काही जण बोलावले, ओटी मिळणारे पण आणि न मिळणारे पण, सगळ्यांना तेच प्रश्न. भिशीचा उल्लेख आम्ही केलाच नाही, तो तिघांनी स्वतःहून केला, आणि तेव्हाच चिठ्ठीवर अवलंबून राहायची गरज संपली.

इथे प्लांट हेडचा फोन आला. "मॅडम, नाव तर सांगा, मी काही करत नाही." मी सांगितलं की नाव मलाच माहीत नाही, आणि ते खरंच होतं. शिवाय एमडींच्या सहीने आधीच नोटीस लावली होती की तक्रार कोणी केली हे शोधणं हीच गैरवर्तणूक धरली जाईल. ही नोटीस आधी लावलेली असली पाहिजे, प्रकरण आल्यावर लावली तर ती कोणासाठी लावलीय ते लोक लगेच ओळखतात.

सुपरवायझरला लेखी वॉर्निंग दिली, हाताखालच्या लोकांकडून भिशी किंवा उसने पैसे घ्यायला बंदी केली आणि रविवारची यादी शुक्रवारी प्रत्येक लाइनवर लावायची ठरलं. पण खरी परीक्षा त्यानंतर असते. सूड कोणी उघड घेत नाही, थर्ड शिफ्ट लागते, रजा नामंजूर होते, अप्रेझलला एक ग्रेड खाली येते. म्हणून पुढचे तीन महिने आम्ही त्या लाइनवरच्या सगळ्यांच्या शिफ्ट आणि रजा बघत राहिलो, आणि एक पोरगा रोटेशन सोडून सलग थर्डला लागलेला दिसला. त्याने चिठ्ठी लिहिली होती का हे आम्ही विचारलं नाही, फक्त रोटेशन का मोडलं एवढंच सुपरवायझरला लेखी विचारलं. पुढच्या आठवड्यात पोरगा फर्स्ट शिफ्टला.

आता जिथे हे चालत नाही तेही सांगते. लैंगिक छळाची तक्रार या पेटीत निनावी आली तर तिच्यावर रीतसर चौकशी होत नाही, ती २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे लेखी आणि नावानिशी द्यावी लागते आणि तिची प्रत समोरच्याला मिळतेच. त्यातली गुप्तता बाहेरच्यांसाठी आहे, समोरच्यापासून नाव लपवता येत नाही. हे आम्ही चिठ्ठीच्या मागेच छापलंय. एका ट्रेनी मुलीने ते वाचून मला आधी नुसतं भेटायला बोलावलं, सगळं विचारलं, आणि पंधरा दिवसांनी स्वतःच्या नावाने अर्ज दिला.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं अजून अर्धवटच आहे. त्यांना सूड म्हणजे "उद्यापासून येऊ नको" एवढं एक वाक्य, मस्टरमध्ये काही दिसतच नाही. सध्या कॉन्ट्रॅक्टरच्या करारात घातलंय की माणूस काढायच्या आधी कारण आम्हाला लेखी द्यायचं आणि दर महिन्याला त्यांच्या पीएफच्या यादीतून गायब झालेली नावं मी काढते. दोन कॉन्ट्रॅक्टर कारणं देतात, तिसरा दरवेळी "गावी गेला" असंच लिहितो, तर आता त्या गावी गेलेल्यांना मी स्वतः फोन लावायला लागलेय.