डावीकडे ६ लिहिलं म्हणून मी काट मारली

अकरावीच्या युनिट टेस्टचे पेपर तपासत होतो, रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि गठ्ठा अजून अर्धा बाकी. प्रश्न होता y = x³ च्या आलेखावरून y = 5 − (2x − 6)³ चा आलेख काढा, पायऱ्या लिहा, ४ मार्क. मॉडेल आन्सरमध्ये होतं: उजवीकडे ३, उभा ताण ८ पट, X-अक्षात प्रतिबिंब, वर ५. कारण (2x − 6)³ म्हणजेच 8(x − 3)³.

एका मुलीने लिहिलं होतं, डावीकडे ६ सरकवला, मग आडवा निम्मा दाबला, मग Y-अक्षात उलटा केला, मग वर ५. डावीकडे वाचलं की हात आपोआप काट मारतो, दिला १ मार्क आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन आली, म्हणाली, "सर, माझा ग्राफ तर बरोबर आलाय." आणि खरंच आला होता. मधला बिंदू (3, 5), त्याच्या एक घर डावीकडे (2, 13), एक घर उजवीकडे (4, −3), तिन्ही समीकरणात घालून बघितले, बसले. मग तिच्या पायऱ्या एकेक करून लिहिल्या: x³, (x + 6)³, (2x + 6)³, (−2x + 6)³, आणि शेवटी +5. मधला बिंदू −6 वर गेला, दाबल्यावर −3 वर आला, उलटल्यावर 3 वर. चूक कुठेच नाही!

हे जमतं कारण x³ ला आडवं दोनने दाबणं आणि उभं आठपट ताणणं एकच आहे, (2x)³ = 8x³, आणि घात विषम असल्यामुळे (−x)³ = −x³, म्हणजे दोन्ही अक्षांतली प्रतिबिंबं सारखीच. x³ − x घेतलं असतं तर ही सोय नव्हती, दाबल्यावर 8x³ − 2x येतं, ते मूळ आलेखाच्या कुठल्याच पटीत बसत नाही. स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सहकारी म्हणाले, कीप्रमाणे तपासायचं, एवढा विचार करत बसलो तर पेपर संपणार कधी. मला हे अजिबात पटलं नाही, आलेख समोर काढलेला असताना तो न बघता फक्त शब्द जुळवायचे?

तिचे ४ पूर्ण केले. पण मग गठ्ठा परत उघडला तर एका मुलाचा पेपर सापडला, त्याच्याही त्याच चार गोष्टी, फक्त त्याने आधी दाबला आणि मग डावीकडे ६ नेला, म्हणजे (2(x + 6))³, उलटल्यावर मधला बिंदू (6, 5), जो चुकीचा आहे, कारण सरकवल्यावर दाबलं तर ६ चे ३ होतात, दाबल्यावर सरकवलं तर ६ चे ६ च राहतात. त्यालाही मी १ च दिला होता. एकीचं सगळं बरोबर, दुसऱ्याचा फक्त क्रम चुकलेला, आणि माझ्या तपासणीत दोघं सारखेच. त्याचे २ केले, अडीच द्यायला हवे होते का हे अजून ठरत नाहीये.