तुम्ही विचारलंत म्हणून : समासातले प्रश्न

"ताई, परीक्षेला खरंच कामी येतील अशा नोट्स सेमिस्टरभर कशा काढायच्या? आमच्या तर तिसऱ्या आठवड्यातच बंद पडतात."

दुसऱ्या वर्षी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची माझी वही अगदी पूर्ण होती. सिम्पली सपोर्टेड बीमवर सगळीकडे सारखा भार असेल तर जास्तीत जास्त बेंडिंग मोमेंट wL²/8, हे मी लाल चौकटीत लिहिलं होतं. चाचणीत चार मीटरचा बीम आला, दर मीटरला 10 किलोन्यूटन भार. मी 20 असं उत्तर लिहून मोकळी झाले. बीम कँटिलिव्हर होता. खरं उत्तर 80, म्हणजे चौपट.

सूत्र वहीत बरोबरच होतं. तो 8 कुठून आला आणि टेकू बदलले की त्याचं काय होतं, हे मात्र वहीत कुठेच नव्हतं. फळ्यावरचं उतरवताना मी स्वतःला काही विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी पानाच्या डाव्या बाजूला चार बोटं समास सोडते. वर्गात तो कोराच राहतो. उजवीकडे आकृती आणि गणिताच्या पायऱ्या, सरांची वाक्यं शब्दशः नाहीत. त्याच संध्याकाळी वीस मिनिटं वही बंद ठेवून सुट्या कागदावर तो तास आठवून मांडते. मग वही उघडायची. जिथे अडले, तिथला प्रश्न समासात जातो.

त्या बीमचंच पान सांगते. पहिला प्रश्न : "8 का?" एकूण भार 40, म्हणून प्रत्येक टेकूवर 20. मध्यावर उभं राहून डावीकडे बघा. टेकू दोन मीटरवर आहे, त्याचा मोमेंट 40. डाव्या अर्ध्या भागावरचा 20 भार सरासरी एक मीटरवर, तो उलट दिशेने 20 काढून घेतो. उरले 20. दुसरा प्रश्न : "टेकू एकाच टोकाला असेल तर?" आता वजाबाकीला काही नाही. सगळा 40 भार भिंतीपासून सरासरी दोन मीटरवर, म्हणून 80. एवढं स्वतः मांडल्यावर दोन सूत्रं वेगळी पाठ करावी लागली नाहीत.

तिसरा प्रश्न बऱ्याच आठवड्यांनी आला. घोडबंदर रोडवरच्या एका साइटवर आम्हाला नेलं होतं. बाल्कनीच्या सळ्यांवर आमच्यातलं कुणीतरी पाय ठेवला, तर इंजिनियर धावतच आले. कँटिलिव्हर वरच्या बाजूला ताणला जातो, म्हणून मुख्य सळ्या वर असतात. त्या पायाखाली दबून खाली गेल्या तर ताण घ्यायला वर काहीच उरत नाही. घरी येऊन मी त्याच जुन्या पानाच्या समासात लिहिलं, "बाल्कनीची सळई वर का?" पानाला अशी जागा ठेवलेली असली की ते सेमिस्टरभर वाढत राहतं.

रविवारी एक तास, फक्त समास. उजवी बाजू कागदाने झाकायची आणि उत्तरं बोलून किंवा काढून दाखवायची. जमलं तर टिंब. वेगवेगळ्या आठवड्यांत तीन टिंबं पडली की तो प्रश्न परीक्षेपर्यंत सोडून देते. ठाणे–वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही हे होतं, पण आकृत्या मात्र घरीच.

नुसतं वाचलं तर चालणार नाही का, असं काही जण विचारतात. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. आदल्या रात्री वही वाचून "येतंय की" वाटतं आणि हॉलमध्ये हात थांबतो, ते यामुळेच.

आता तुमच्या बंद पडण्याबद्दल. बहुतेकांचं सबमिशनच्या आठवड्यात तुटतं. चार तास बुडतात, मग आधी ते भरून काढू म्हणून आजचाही राहतो. मी आजचा तास आधी करते. बुडालेल्या तासासाठी तारीख टाकून दोन पानं कोरी सोडते आणि मैत्रिणीकडून फक्त आकृती आणि एक सोडवलेलं गणित घेते. तिची सगळी वही उतरवत बसत नाही, त्यात रविवार जातो आणि समास रिकामाच राहतो.

आणि अधूनमधून समास वाचून बघा. सगळे प्रश्न "व्याख्या लिहा" असेच असतील तर तुम्ही पुन्हा उतरवायला लागला आहात. त्या पानावरचं एक गणित घ्या, टेकू किंवा भार बदला आणि आता काय होईल ते विचारा. मला तरी चांगले प्रश्न तिथूनच मिळाले.

ड्रॉइंगला हे चालत नाही. तिथे शीट काढूनच हात बसतो.