कढईबाईंची रजा

गणपतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आमचं बेळगावच्या शहापुरात कुंद्याचं छोटं दुकान आहे, मागच्या बाजूला भट्टी, आणि भट्टीवर बाबांच्या काळापासूनची लोखंडी कढई. बावीस वर्षं झाली तिला. त्या दिवशी पहाटे साडेपाचला मी आणि आमचा पोरगा, दोघं मिळून ती रिकामी कढई चुलीवर चढवत होतो आणि उजव्या बाजूचा कान हातातच आला. दोन रिव्हेट निसटलेले आणि तिसऱ्याजवळ बोटभर चीर. दूध आलेलं, चाळीस लिटर, आणि कढई अशी. नशीब की रिकामी होती.

मग काय, दूध दोन लहान कढयांत वाटलो. लहान कढईत दूध बुडाला लवकर लागतं, सारखं ढवळावं लागतं, आणि दोन कढयांचा रंग एकसारखा येत नाही, एक तांबूस तर एक फिकट. तरी सात वाजेपर्यंत काम रांगेला लावलो आणि ढवळायला पोराला बसवून दोन मिनिटं बाहेर येऊन तुटक्या कानाचा फोटो काढलो आणि टाकलो. वर लिहिलो, "आमच्या कढईबाई आजपासून रजेवर. उजवा कान दुखतोय. बावीस वर्षांत पहिली सुट्टी."

एवढंच. पण त्यात दोन गोष्टी होत्या, हे मला त्यावेळी लक्षात आलं नव्हतं, नंतर कमेंट वाचताना आलं. एक कानाची गंमत, कारण कढईच्या कडीला आपण कानच म्हणतो. आणि दुसरी रजेची, म्हणजे कढई ही नोकरीला असलेली बाई. दिवसभर आलेल्या सगळ्या कमेंट या दोनपैकी एकीला धरून होत्या, आणि उत्तर देताना मी आधी एवढंच बघत होतो की हा माणूस कान धरून आलाय की रजा धरून.

पहिला खानापूरचा मित्र, शाळेतला. "डॉक्टरला दाखवलास काय रे?" आता इथं हसायचा इमोजी टाकून मोकळं होता आलं असतं. पण इमोजी टाकला की त्यानं पुढं केलेला हात तसाच राहतो, त्याला पुढं बोलायला काही उरत नाही. मी लिहिलो, "उद्यमबागला दाखवायचंय. तिथले डॉक्टर काळा चष्मा लावल्याशिवाय कानाला टाका घालत नाहीत." आमच्याकडं उद्यमबाग म्हटलं की फौंड्री, लेथ, वेल्डिंग हे सांगावं लागत नाही, वाचणाऱ्याला वेल्डर लगेच दिसतो. पाच मिनिटांत त्याचं उत्तर, "मग पेशंटलाही चष्मा द्या, ठिणग्या उडतात." बघा, त्याला जागा मिळाली की तो माझ्यापेक्षा चांगलं बोलला. तिथं मी थांबलो. त्याच्यावर अजून एक चढवलो असतो तर त्याची मजा गेली असती.

पुण्याची मावसबहीण, तिनं लिहिलं, "कान कुणी पिळला?" मी म्हटलो, "कुणी पिळला नाही गं, बावीस वर्षं गिऱ्हाईकांचं 'अजून थोडा भाजा की' ऐकून ऐकून दुखला." हे उत्तर चाललं कारण ते खरं आहे. आमच्या दुकानात रोज दहा जण तरी हेच म्हणतात, आणि ते दहा जण तीच पोस्ट वाचत होते. त्यातल्या तिघांनी खाली येऊन "माफ करा कढईबाई" लिहिलं. उगाच रचलेला विनोद आणि दुकानात रोज घडणारी गोष्ट यात मला हाच फरक दिसतो, दुसरीला गिऱ्हाईक स्वतःहून येऊन चिकटतं.

मग गल्लीतला कन्नड बोलणारा दोस्त, बँकेत आहे. "रजे मंजूर आतेनरी?" म्हणजे रजा मंजूर झाली का हो. मी त्याला कन्नडमध्येच लिहिलो, "आत्री, आदर पगार इल्ल." झाली, पण पगार नाही. इथं मी मुद्दाम रजेचं धरलो, कानाचं नाही. कन्नडमध्ये कान म्हणजे किवी, आणि ती गंमत तिकडं तशीच उतरेल याची मला खात्री नव्हती. रजा आणि पगार हे शब्द मात्र दोन्हीकडं चालतात, त्याच्या रजिस्टरातही आणि माझ्या वहीतही. गंमत भाषांतर करून सांगायची वेळ आली की ती गेलीच समजा, त्यापेक्षा दोन्ही भाषांत उभी राहणारी बाजू धरावी.

दहाच्या सुमाराला एकानं, ओळखीचाच पण जवळचा नाही, लिहिलं, "बेळगावात राहून कढईला कुठली भाषा कळंल, म्हणून कान गेला असंल." आता इकडं राहणाऱ्याला हे कुठं जाणार ते माहीत आहे. सीमेचा विषय निघाला की खाली तीस कमेंट एकमेकांना शिव्या देणाऱ्या होतात आणि कुंदा बाजूलाच राहतो. माझ्या दुकानात सकाळी येणारे निम्मे कन्नड बोलतात, निम्मे मराठी, आणि बरेचसे एकाच वाक्यात दोन्ही. मी पाच-सात मिनिटं विचार केलो. डिलीट करायचं मनात आलं होतं, पण ती कमेंट कढईलाच धरून होती, म्हणून उत्तर पण कढईच्या तोंडूनच द्यायचं ठरवलो. "म्हणून तर कढईबाईंना दोन कान दिलेत, एक मराठी ऐकायला, एक कन्नड. आज कुठला दुखतोय ते त्या सांगत नाहीत, दोन्हीकडं नातेवाईक आहेत." मित्रांनी दोन्ही भाषांत त्याखाली हसून लिहिलं, आणि ज्यानं टाकलं होतं त्यानंही "बरोबर आहे" म्हटलं. भांडण तिथंच विझलं. त्या दिवशी लिहिलेल्यातलं हे मला सगळ्यात आवडलेलं उत्तर.

एक चूकही झाली, ती म्हणजे माणसं वाढवली. कुणी विचारलं झारा काय करतोय, मी म्हटलो बाहेर बाकड्यावर डबा घेऊन बसलाय. तिथवर छान. मग पातेलं भेटायला आलं, परात नर्स झाली, तराजू बिल करायला बसला, आणि बारा-पंधरा कमेंटनंतर बघतो तर लोक नुसते भांड्यांची नावं लिहायला लागले. मूळ कान कुठं गेला कळेना. पेशंट एक आणि सोबतीला एक, यापुढं माणूस घेतला की गोष्ट पातळ होते, पाणी घातलेल्या दुधासारखी.

मध्येच एक कमेंट आली, "उद्या दोन किलो मिळेल काय?" या ठिकाणी गंमत मागं ठेवायची, आधी सरळ उत्तर द्यायचं. "मिळेल, सकाळी अकरानंतर या. तोवर कढईबाई कामावर रुजू." उलट लिहिलं असतं तर त्या माणसाला वाटलं असतं दुकान बंद आहे.

आणि आता जे खरं सांगायचं होतं ते. निपाणीला माझी आत्ती असते. तिचा नातू कॉलेजात आहे, त्यानं लिहिलं होतं, "बाई लवकर बऱ्या होऊ देत." त्याला गंमत कळली होतीच. मी कढई टेम्पोत घालून उद्यमबागला निघालो होतो, घाईत एका हातानं त्याला लिहिलो, "ऑपरेशन दुपारी दोनला, टाके पडणार. बाईंना म्हटलंय घाबरू नका."

नातू कॉलेजला गेलेला, त्याचा जुना फोन घरी आत्तीजवळ चार्जिंगला लावलेला. स्क्रीन उजळली, त्यावर माझं नाव आणि एवढं एकच वाक्य. फोटो नाही, वरची ओळ नाही, कढई नाही, कान नाही. आणि आमच्या घरात माझ्या आईला सगळे बाई म्हणतात.

आत्तीनं आईला फोन लावला, आई देवळात, फोन घरी. मला लावला, मी वर्कशॉपमध्ये, ग्राइंडर चालू, ऐकू येईना. चार मिस्ड कॉल. साडेचारला वेल्ड झालेली कढई घेऊन मी दुकानात आलो तर आत्ती बाकड्यावर बसलेली, पिशवीत एक लुगडं आणि पेजेला घरचे तांदूळ, आणि शेजारी आई, धडधाकट, तिला पाणी देत बसलेली. आत्ती मला काही बोलली नाही. नुसती हात धरून बसली. तिचा हात थरथरत होता आणि मला खूप वाईट वाटलं, अजून वाटतं.

तिथंच उभ्या उभ्या मी ते उत्तर दुरुस्त केलो, "कढईबाईंच्या कानाचं ऑपरेशन" असं. एक शब्द घालायचा राहिला होता बघा. खाली दिलेलं उत्तर कोण कुठं, कसं वाचेल सांगता येत नाही, वरची ओळ त्याच्यासोबत जातेच असं नाही. म्हणून त्या दिवसापासून प्रत्येक उत्तरात मी कढई किंवा कान यातलं एक तरी नाव घालतोच, कितीही लहान उत्तर असू दे. आणि आजारपण, ऑपरेशन, अपघात हे शब्द आले की दोन्ही घालतो.

आत्तीला मग सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलो. दोन कानांचं ऐकल्यावर ती हसली. उठून कढईजवळ गेली, नव्या टाक्यावर बोट फिरवली, अजून कोमट होता. त्या रात्री ती राहिली. वेल्ड झालेली कढई लगेच वापरता येत नाही, आम्ही दोनदा पाणी उकळून ओतलो, मग चिंच आणि राखेनं घासलो, आतून हात फिरवला की खरखर लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी निपाणीला पोचल्यावर तिनं नातवाकडून लिहून घेतलं, "कढईबाईंना बघून आले. कान गरम लागला. ताप उतरला की कळवा."

मी लिहिलो, "आत्ती, कढईबाईंचा ताप उतरला. सकाळी तुम्ही आणलेल्या तांदळाची खीर पहिली पोटात गेली, दोन्ही कान धरून उतरवली."