एका सुराची दांडी

आमचं डीटीपीचं दुकान जालन्यात. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असलंच काम. त्यामुळे पोलीस बँडमधून निवृत्त झालेले सर स्टाफ नोटेशनची, म्हणजे पाच रेषांवर सूर लिहायच्या पाश्चात्त्य पद्धतीची, झेरॉक्स घेऊन आले, तेव्हा त्या पाच रेषा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिल्या. सर एका शाळेचं बँडपथक बसवत होते. १७ सप्टेंबर, म्हणजे मुक्तिसंग्राम दिन, चार दिवसांवर होता.

"चौदाव्या मापात ट्रम्पेट अन् क्लॅरिनेट भांडायलेत," सर म्हणाले. माप म्हणजे ओळीत उभ्या रेषांनी पाडलेला एक कप्पा. दोन्ही वाद्यं बी फ्लॅटची, त्यामुळे तिथे दोघांच्या कागदावर एकच सूर हवा. क्लॅरिनेटच्या पानावर ए होता, ट्रम्पेटच्या पानावर मात्र चुकून बी फ्लॅट. फरक अर्ध्या सुराचा, पण दोन्ही एकदम वाजले की कानाला खरचटतं. पान पुन्हा टाईप करणं मला जमणारं नव्हतं. शिवाय त्यावर श्वास घ्यायच्या खुणा आणि बोटांचे आकडे पेनाने लिहिलेले होते. म्हणून ६०० डीपीआयवर स्कॅन केलं आणि गिम्पमध्ये उघडलं.

काम सोपं वाटलं. चुकीचा सूर मधल्या, म्हणजे तिसऱ्या रेषेवर होता. त्याला खालच्या घरात, खालून दुसऱ्या आणि तिसऱ्या रेषेच्या मध्ये आणायचं. दोन रेषांमधलं अंतर सुमारे ४१ पिक्सेल, म्हणजे वीसएक पिक्सेल खाली. सूर दांडीसकट उचलला, मागे उरलेली जागा पांढऱ्या ब्रशने पुसली, तुटलेल्या तीन रेषा काळ्या रंगाने जोडल्या आणि सूर खाली चिकटवला. दहा मिनिटांत प्रिंट.

सरांनी चष्मा वर केला. "ह्याला कान कामून फुटलेत?"

खरंच, उचललेल्या सुराबरोबर तिसऱ्या रेषेचे दोन तुकडे आले होते आणि ते आता मोकळ्या घरात दोन्ही बाजूंना डोकावत होते. पोरांनी तो सूर रेषेवरचाच समजला असता. पुसलेली जागा कागदाच्या करड्या छटेत ठिगळासारखी चमकत होती, आणि माझ्या रेषा इतक्या धारदार होत्या की शेजारच्या मऊ कडांच्या छापील रेषांत परक्या दिसत.

"अन् दांडी उलटी," सर म्हणाले. मधल्या रेषेवरच्या सुराची दांडी बहुधा डावीकडून खाली जाते. त्याच्या खालच्या सुरांची मात्र उजवीकडून वर. सूर अर्धं घर सरकला तरी दांडीची बाजू आणि दिशा दोन्ही बदलतात. हे मला कोण सांगणार?

मग मी खोडणंच टाळायचं ठरवलं. त्याच ओळीत सहाव्या मापात तेवढ्याच कालावधीचा ए सापडला. तो पाचही रेषांसकट उभ्या पट्टीसारखा कापला आणि जुन्या सुरावर ठेवला. कागदाची छटा, रेषांची जाडी, दांडी, सगळं मूळच्या छपाईतलंच. पण स्कॅन अर्धा अंशही नाही इतकं कललेलं होतं. मूळ जागा आणि नवी जागा यांत दोनेक हजार पिक्सेलचं अंतर, त्यामुळे सरळ आडवी सरकवलेली पट्टी चौदा-पंधरा पिक्सेलने चुकली. घराच्या एक तृतीयांश! ४०० टक्के मोठं करून तिसरी रेषा तिसऱ्या रेषेला भिडवली, तेव्हा बाकीच्या चार आपोआप जुळल्या.

शेजारच्या सुराला धक्का नको म्हणून पट्टी अरुंद ठेवली होती, तर डावीकडे जुन्या सुराची कोर उरली. तेवढी मात्र खोडावीच लागली. या वेळी पांढरा न वापरता शेजारच्या कागदाचाच रंग उचलून कोर पुसली, आणि मग छापील रेषेचा रंग घेऊन मऊ कडेच्या चार पिक्सेलच्या ब्रशने शिल्लक रेषेच्या टोकापासून पट्टीपर्यंत शिफ्ट दाबून रेषा ओढली. जेपीजी केलं तर कडांभोवती डाग उमटतात, म्हणून पीएनजी. सरांनी प्रिंट उजेडात धरलं, बोट फिरवलं आणि दुरुस्ती कुठे आहे ते त्यांना सापडेना. बारा प्रती नेल्या.

संध्याकाळी फोन आला. "दोन पोरं अजून बी फ्लॅटच वाजवायलीत."

फाईल पुन्हा उघडली. पेनाने लिहिलेलं काही पुसलं जाऊ नये म्हणून पट्टीची खालची कड मी मुद्दाम जुन्या दांडीच्या टोकाशीच थांबवली होती. तिच्या खाली जुना आकडा तसाच होता: १. बी फ्लॅटला ट्रम्पेटची पहिली कळ दाबतात, ए ला पहिली आणि दुसरी. पोरं सूर वाचतच नव्हती, आकडा वाचत होती.

"सर, इथं १२ करू का?"

"हौ. पण पेनाने लिहिल्यासारखं दिसू द्या, बरंका."

पानावर दुसरीकडे कुठे १२ लिहिलंय ते शोधलं, तेवढाच चौकोन कापला आणि आकड्यावर बसवला.