फ्लॅशर बदलला, तरी इंडिकेटर लुकलुकेना

स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर "बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट, कुठलाही चालतो" असं कुणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझा अख्खा शनिवार या एका वाक्यात गेला.

गाडी जुनी, शंभर सीसीची. इंडिकेटर दिला की दिवे लागायचे आणि तसेच लागून राहायचे. डावीकडेही तेच, उजवीकडेही तेच. दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर दोन्ही बाजूंना एकच असतो, त्यामुळे दोन्हीकडे एकच रड असेल तर संशय आधी त्याच्यावर. एकाच बाजूची खोड असेल तर फ्लॅशरला हात लावू नका. त्या बाजूचा बल्ब, होल्डरमधला गंज आणि अर्थची वायर बघा.

माझ्या गाडीत फ्लॅशर साइड कव्हरच्या आत, रबरी खोबणीत बसवलेला. दोन पिना: एक ‘बी’, जिथे चावी चालू केल्यावर करंट येतो, आणि दुसरी ‘एल’, जिथून तो हँडलवरच्या स्विचकडे जातो. प्लग काढून त्याच्या दोन्ही खाचा वायरच्या तुकड्याने जोडल्या, चावी फिरवली, स्विच डावीकडे केला. डावीकडचे दोन्ही दिवे लख्ख लागले. मग स्विच उजवीकडे केला, तिकडचेही लागले. म्हणजे स्विच, वायरिंग आणि बल्ब ठीक. एक सांगायचं राहिलं: वायरचा तुकडा शेजारच्या लोखंडाला लागू देऊ नका, फ्यूज उडतो.

दुकानातून दोन पिनांचा नवा फ्लॅशर आणला, बसवला. दिवे लागले आणि लागूनच राहिले! बराच वेळ टक लावून बघितलं की एखादी टिक ऐकू यायची, बस.

परत काउंटरवर. भिंतीवर पाटी: ‘इलेक्ट्रिक माल परत घेतला जाणार नाही’. पोराने फ्लॅशर हातात घेतला, बॅटरीला आणि हेडलाइटच्या बल्बला जोडला, आणि तो मस्त लुकलुकला. "बघा साहेब, पीस चांगलाय. तुमच्या वायरिंगमध्येच गडबड आहे, इलेक्ट्रिशियनला दाखवा." मागे चार गिऱ्हाइकं ताटकळलेली, त्यांच्या नजरा माझ्या पाठीवर. पण वायरिंग मी तासाभरापूर्वीच तपासलं होतं, त्यामुळे हलायचं मनात नव्हतं.

मग फ्लॅशरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: १२ व्होल्ट, २१ वॅट गुणिले २. माझे बल्ब १० वॅटचे. या जातीच्या फ्लॅशरमध्ये करंटने एक पट्टी तापते, वाकते आणि संपर्क सुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. २१ वॅटचे दोन बल्ब साधारण साडेतीन अँपिअर ओढतात, १० वॅटचे दोन पावणेदोनच्या आसपास. निम्म्या करंटवर पट्टी पुरेशी तापत नाही, मग संपर्क सुटणार कसा? दुकानातला हेडलाइटचा बल्ब ३५ वॅटचा, म्हणून तिथे नाटक जमलं.

पोराला म्हटलं, "तुझ्याच ड्रॉवरमधले दोन दहा वॅटचे बल्ब लाव की." "काय फरक पडतो?" म्हणत कुरकुरला, पण मागून एक काका म्हणाले, "लाव की रे, आम्हालाही बघू दे." लावले. लागले. लागूनच राहिले. पोर गप्प. आतून मालक आले, डबा बघितला, न बोलता १० वॅट गुणिले २ लिहिलेला फ्लॅशर काढून दिला. सॉरीबिरी काही नाही, पण पाटी मात्र त्या दिवसापुरती रद्द झाली. काकांकडे बघून मी जरा ऐटीतच निघालो, हे कबूल.

घरी बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आता मिनिटाला ऐंशीच्या आसपास लुकलुकतो. साठ ते एकशेवीसच्या मध्ये असला की चालतं.

हो, आणि एलईडी इंडिकेटर लावलेल्यांनी दोन पिनांच्या जुन्या फ्लॅशरचा नाद सोडावा. दोन्ही दिवे मिळून दोन-चार वॅटच ओढतात, त्यावर ती पट्टी काही हलत नाही. त्यांना बल्बच्या लोडवर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो, बहुतेक तीन पिनांचा. तिसरी ‘ई’, म्हणजे अर्थ. तिन्ही पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा सारखा नसतो, म्हणून प्लग बसतोय म्हणून खुपसू नका, अक्षरं जुळवा.

इंजिन बंद असताना दिवे मंद लागून राहतात आणि गाडी रेझ केली की लुकलुकायला लागतात, असं असेल तर फ्लॅशर विकत घेण्याआधी बॅटरी चार्ज करून बघा.